सहाव्या सोसायटीच्या आधी

प्रिय,

परवा तू म्हणालीस, पाचव्या सोसायटीचं मेंटेनन्स बिलाचं गूगल शीट करून दिलंस आणि काम अगदी मागच्यासारखंच होतं, तर आता हेच टेम्प्लेट म्हणून विकावं. विक जरूर. पण शेवटच्या फाइलची कॉपी मारून नाव बदललंस, तर मी जिथे आपटले तिथेच तूही आपटशील.

आधी पाचही फाइली शेजारी-शेजारी उघड आणि प्रत्येक सोसायटीने तुला काय विचारलं नि तू त्यांना काय विचारलंस, ते लिहून काढ. कोथरूडच्या जुन्या बारा फ्लॅटच्या इमारतीत सेवा शुल्क सगळ्यांना समान, विषय संपला. बाणेरला टँकरचा खर्च आला आणि तो कसा वाटायचा यावरून सेक्रेटरी आणि खजिनदार तुझ्यासमोरच भांडले. भाड्याने दिलेल्या फ्लॅटचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, पार्किंग, सिंकिंग फंड, थकबाकीवरचं व्याज हे सगळीकडे असतं, पण आकडे वेगळे. जे पाचही ठिकाणी सारखं, ते सूत्रात जाईल. जे बदलतं, ते ‘सेटिंग’ नावाच्या एका पानावर. तुझं खरं उत्पादन हे पान आहे. गिऱ्हाइकाला फोनवर विचारायचीस ते प्रश्न आता तिथे लिहिलेले असतात.

व्याजाचं उदाहरण देते, कारण माझी फजिती तिथेच झाली. उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावायचं. दर सर्वसाधारण सभा ठरवते, वरची मर्यादा वर्षाला 21 टक्के अशी मी धरत आले. माझ्या शीटमध्ये ‘मागील बाकी’ हा एकच रकाना होता, त्यात मुद्दल आणि व्याज एकत्र. स्वतः काम करायचे तेव्हा दर महिन्याला हाताने दुरुस्त करायचे, आणि आपण दुरुस्त करतो हेच विसरून गेले होते. टेम्प्लेट विकलं, हात गेला, चूक राहिली. 12,000 रुपये बाकीवर महिन्याला 210, म्हणजे तीन महिन्यांचे 630 व्हायला हवेत. माझं शीट व्याजावर व्याज लावून 641 दाखवत होतं. अकरा रुपये! सिंहगड रोडच्या एका निवृत्त काकांनी ते हुडकलं आणि सभेत मांडलं. पुण्यात अकरा रुपये सुटत नाहीत, हे मला कळायला हवं होतं.

तर मुद्दल आणि व्याज यांचे दोन रकाने कर, आणि दर सूत्रात कोंबू नकोस:

```
=ROUND(D5*'सेटिंग'!$B$6/12,0)
```

D5 मध्ये फक्त मुद्दल, B6 मध्ये वर्षाचा दर, % चिन्हासकट. उद्या नियम बदलला किंवा सभेने दर कमी केला, तर त्यांनी B6 बदलायचं, तुला फोन नाही. तू हाताने करतेस अशा बाकीच्या गोष्टीही अशाच शोध. कोऱ्या फाइलमध्ये सगळं पुन्हा बांधायला घेतलंस की त्या आपोआप सापडतात. शिवाय जुन्या फाइलच्या कॉपीत लपवलेली पानंही जातात, आणि एका सोसायटीच्या थकबाकीदारांची यादी दुसऱ्या सोसायटीत पोचते.

अॅप्स स्क्रिप्टचं बटण मात्र पहिल्या आवृत्तीत नको. विकत घेणाऱ्याला गूगलचा ‘हे अॅप पडताळलेलं नाही’ असा इशारा दिसतो आणि साठीतले खजिनदार तिथेच थांबतात. लिंक देताना पत्त्यातल्या `/edit` च्या जागी `/copy` लिही, म्हणजे त्यांना प्रत बनवायचं बटण दिसतं आणि ते दाबलं की त्यांची स्वतःची प्रत तयार होते. सूत्रांना संरक्षण लाव, बदल करताना इशारा दाखवणारं, पण ती चुकून पुसली जाऊ नयेत एवढ्यासाठीच. प्रतीचा मालक ते संरक्षण काढू शकतो, तेव्हा चोरी थांबेल या भ्रमात राहू नकोस.

हक्काचं एकच. नोकरीत केलेलं काम सहसा मालकाचं ठरतं. फ्रीलान्सरने केलेल्या शीटचा कॉपीराइट लेखी देऊन टाकला नसेल तर तिच्याकडे राहतो. जुने करार आणि ईमेल एकदा वाच.

किमतीत फाइलपेक्षा तुझा वेळ मोज. मी पहिली चार टेम्प्लेटं 2,500 ला विकली आणि प्रत्येकामागे तीनेक तास फोनवर गेले. त्यापेक्षा पूर्ण काम 12,000 ला करणं परवडलं असतं. मग किमतीत चाळीस मिनिटांचा एकच कॉल ठेवला आणि पुढच्या प्रत्येक फोनचा प्रश्न वहीत टिपला. जुनी थकबाकी कशी भरायची, वर्षाच्या मध्ये फ्लॅट विकला तर काय, अर्धवट पैसे आले तर आधी व्याज वळतं करायचं की मुद्दल. दहा फोनांत प्रश्न पाचच निघाले. त्यांचे सहा-सहा मिनिटांचे पाच व्हिडिओ केले, खोट्या सोसायटीच्या आकड्यांवर. लोक ज्याला माझा कोर्स म्हणतात, तो एवढाच.

रविवारी ये, पाचही फाइली घेऊन. टँकरच्या वाटणीला सेटिंगमध्ये किती पर्याय ठेवायचे ते मला अजून नीट जमलेलं नाही. बाणेरवाल्यांनी शेवटी काय ठरवलं ते सांग.

तुझी,
ताई