घरातल्यांनाही आणि मन्यागिनवरिगू

प्रश्न: कन्नड अ‍ॅग्लुटिनेटिव्ह आणि मराठी फ्यूजनल म्हणतात, म्हणजे नेमकं काय? मग आपल्याकडं पण एवढे लांब लांब शब्द कसे होतात?

पहिलं म्हणजे लांबी सोडा. "शब्द लांब म्हणजे अ‍ॅग्लुटिनेटिव्ह" हे इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटलेत. संस्कृतातला समास दोन ओळींचा असू शकतो तरी संस्कृत फ्यूजनलच, कारण तिथं नामं एकापुढं एक ठेवलीत आणि प्रत्यय शेवटी एकच. बघायचं ते सांधे. शब्द सांध्यावर कापता येतो का, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याला एकच काम आहे का, एवढंच. असेल तर अ‍ॅग्लुटिनेटिव्ह, तुकडे एकमेकांत विरघळले असतील तर फ्यूजनल. तुर्की एव्लेरिमिझ्दे घ्या, 'आमच्या घरांत': एव् घर, लेर अनेक, इमिझ आमचं, दे म्हणजे त. विळीवर भेंडी चिरल्यासारखं. संस्कृत गृहेषु घ्या आणि सांगा त्यातलं अनेकवचन कुठलं आणि सप्तमी कुठली. नाही सांगता येणार, दोन्ही एकातच विरघळलंय.

आता बेळगावचंच घेऊ. आमच्या शहापुरात दारात उभं राहून कुणी "मन्याग यार अदारी?" विचारतं, कुणी "घरात कोण हाय?" विचारतं, प्रश्न एकच. त्यावरून पुढं जाऊन 'घरातल्यांनाही' म्हणायचं असेल तर कन्नडमध्ये मन्यागिनवरिगू होतं (बोलताना मन्यागिनव्रिगू). मनी घर, आग म्हणजे आत, इन म्हणजे आपल्या 'घरातला' मधला ला, अवर म्हणजे ते लोक, इग म्हणजे ना, ऊ म्हणजे ही. आणि मराठी: घर, आत, ल्यां, ना, ही. क्रम अगदी तोच! दोन वेगळ्या कुळातल्या भाषा, पण डबे एकाच क्रमानं जोडलेत. शेजाऱ्यांच्याकडच्यांनासुद्धा हा आमच्याकडं रोज ऐकू येणारा शब्दही असाच जोडत जोडत झालाय, म्हणून मराठीला नुसती फ्यूजनल म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण फरक त्या 'ल्यां'मध्ये आहे. कन्नडमधला अवर बाहेर काढून ठेवा, 'अवरु' म्हणून स्वतंत्र चालतो. ल्यां बाहेर काढला तर काहीच होत नाही. त्यात ला आहे, सामान्यरूप आहे, अनेकवचन आहे, आणि बायका का पुरुष हे त्यावरून कळतच नाही. शिवाय मराठीत मूळ शब्दच वाकतो: देऊळचं देवळात, माणूसचं माणसाला. कन्नड गुडी, म्हणजे देऊळ, प्रत्यय लागला तरी गुडीच राहते, गुडियल्लि. म्हणजे मराठी सुरवातीला आणि मध्ये वितळते, पुढं मात्र चिकटवत जाते.

आता माझी आवडती गोष्ट. शाळेच्या व्याकरणात त हा सप्तमीचा प्रत्यय आणि वर हे शब्दयोगी अव्यय, असे दोन वेगळे कप्पे. का? वर आला उपरि वरून, आत आला अंतर् वरून, दोन्ही एकेकाळचे सुटे शब्द, एक जास्त झिजला एवढंच! जुनी पुस्तकं काढून बघा, एकवचनातही 'घरांत' असा टिंब दिलेला असतो. तो टिंब म्हणजे अंतर् मधला न. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार काढले तेव्हा तोही गेला, आता टिंब फक्त अनेकवचनाला. आणि कन्नड पुस्तकी रूप मनेयल्लि, त्यातला अल्लि म्हणजे सरळ 'तिथं', घर-तिथं! पण आपल्या भागात मनेयल्लि कोण म्हणतंय, मन्याग म्हणतात, आणि हा आग माझ्या मते ओळग चा, म्हणजे 'आत' चा, झिजलेला तुकडा. "ओळग बा", "आत ये". म्हणजे घरात आणि मन्याग दोन्ही घर-आतच. धारवाडकडचे एक जाणकार मला यावर हसले होते, ओळग चा आग कसा होईल म्हणून. अंतर् चा त झाला तेव्हा नाही हसला कोण.

आणि गंमत बघा, मनी आणि ओळग यांच्यामधला सांधा मन्याग मध्ये दिसत नाही, 'न्या' कुणाचा, घराचा का आतचा? अ‍ॅग्लुटिनेटिव्ह म्हणून मिरवणारी कन्नड तिथं चक्क फ्यूजनल झालीय. भराभर बोललं की सांधे वितळतात, मग पुस्तकात काही का लिहिलेलं असेना.

एक सांगायचं राहिलं, कन्नडमधले फार लांब दिसणारे काही शब्द, उदाहरणार्थ मनेयल्लिरुववरिगू, खरे तर दोन शब्द आहेत, मनेयल्लि आणि इरुववरिगू, संधी करून जोडून लिहिलेले. त्यांची लांबी मोजून कुणी पैज लावत असेल तर लावू नका.