जामघाट चढल्यावर ऑइल ११८ अंश: इंजिन लगेच बंद करावं का?

प्रश्न: दादा, माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल आहे. महेश्वरहून मंडलेश्वरमार्गे जामघाट चढून महूकडे येत होतो. चौघं बसलेले, एसी चालू, बाहेर कडक ऊन. जामगेटपाशी ऑइल टेम्परेचर ११८ दिसलं, कूलंटचा काटा मात्र रोजच्यासारखा ९० वर. टर्बोच्या भीतीने पाच मिनिटं इंजिन तसंच चालू ठेवलं, तरी ऑइल १०८ च्या खाली येईना. शेवटी कंटाळून बंद केलं. टर्बोला धक्का बसला असेल का? किती वेळ थांबायला हवं होतं?

उत्तर:

टर्बोला काही झालेलं नाही. पाच मिनिटांपैकी कामाचं होतं ते पहिलं मिनीट, फार तर दीड. पुढचा वेळ तुम्ही ज्या आकड्याकडे बघत बसलात तो टर्बोचा नाहीच.

मीटरवर दिसतं ते साधारणपणे खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी साठलेल्या ऑइलचं तापमान. चारेक लिटर ऑइल आणि त्याच्याभोवतीचं सगळं धातूचं वजन, हे सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. टर्बोचं उलट आहे. त्याचं टर्बाइनकडचं घर थेट एक्झॉस्टच्या झोतात असतं. पेट्रोल इंजिनावर पूर्ण लोड असताना तो झोत ९०० अंशांच्या आसपास जाऊ शकतो, आणि पाय उचलला की काही सेकंदांत शेकडो अंशांनी उतरतो. म्हणून ऑइल ११८ असतानाही टर्बो बऱ्यापैकी निवलेला असू शकतो. उलट ऑइल जेमतेम ९५ असतं, पण तुम्ही नुकताच एक्सलरेटर तळाला नेऊन ट्रक ओव्हरटेक केलेला असतो, तेव्हा टर्बो लाल व्हायच्या बेतात असू शकतो. टर्बोसाठी शेवटच्या दोन-तीन मिनिटांत इंजिन किती ओढलं ते बघायचं.

आता ऑइल १०८ वर का अडकलं ते सांगतो. बहुतेक गाड्यांत ऑइल कूलर हवेवर नाही, कूलंटवर चालतो. ऑइल आपली उष्णता कूलंटला देतं, त्यामुळे ते कूलंटपेक्षा थंड होऊ शकत नाही. मे महिन्याच्या उन्हात उभ्या गाडीला वारा नाही, रेडिएटरवर फक्त पंख्याची हवा, त्यामुळे कूलंट शंभरच्या आसपास रेंगाळतं. मग ऑइल ९० वर येणार कसं? काटा ९० वर होता म्हणता, पण पुष्कळ गाड्यांत तो काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. खरं तापमान पंच्याहत्तरीपासून शंभराच्या थोडं वरपर्यंत कुठेही असलं तरी तो मधोमध उभा राहतो. ओबीडी ॲडॉप्टर असेल तर मोबाइलवर कूलंटचा खरा आकडा बघा, उलगडा होईल.

मग थांबायचं ते कशासाठी? इंजिन बंद केलं की ऑइल पंप थांबतो आणि टर्बोच्या बेअरिंगमध्ये उरलेलं थोडं ऑइल तिथेच अडकतं. शेजारचं टर्बाइनचं बीड अजून धगधगत असतं. गॅस बंद केला तरी बिडाचा तवा पोळतच राहतो, तसंच. ती उष्णता शाफ्टमधून बेअरिंगकडे सरकते आणि बेअरिंगचं तापमान इंजिन बंद झाल्यानंतर काही मिनिटं उलट वाढतं. अडकलेलं ऑइल करपून त्याचा कडक काळा कोळसा होतो. एका वेळेने काही बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं हेच होत राहिलं तर तो थर ऑइलच्या बारीक नळीत आणि बेअरिंगपाशी साचतो आणि ऑइल कमी पोहोचू लागतं. मग सकाळी स्टार्ट करताना निळसर धूर, ऑइलची पातळी हळूहळू उतरणं, बूस्ट येताना शिट्टीसारखा चढा आवाज अशी लक्षणं दिसतात.

तुमच्यासारख्या नव्या टर्बो पेट्रोल गाड्यांत बेअरिंगच्या घराभोवती कूलंट फिरतं. अनेक गाड्यांत चावी काढल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप ते फिरवत राहतो. उतरल्यावर बॉनेटखालून घूं असा आवाज येतो तो याचाच किंवा पंख्याचा. बिघाड समजून घाबरू नका. जुन्या डिझेल गाड्यांत मात्र बऱ्याचदा टर्बो फक्त ऑइलवर निवतो. भरलेली गाडी घाट चढली असेल तर तिथे दोन-तीन मिनिटं द्यावीत.

जामघाटाची खोड अशी की जामगेट चढणीच्या अगदी माथ्यावर आहे. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, कमी वेगात, सतत बूस्टवर गाडी ओढत आणायची आणि नेमकं तिथेच फोटोसाठी थांबायचं. टर्बो सगळ्यात तापलेला असतो तो याच क्षणी. म्हणून शेवटच्या वळणांवर घाई सोडून पाय हलका ठेवा, गाडी बाजूला घ्या आणि एक-दीड मिनीट नुसतं आयडलवर राहू द्या. रेस देऊ नका. एसी चालू राहिला तरी हरकत नाही. थांबायचं नसेल तर आणखी चांगलं: माथ्यावरून महूकडे दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने गेलात की वाऱ्यावर टर्बो, कूलंट, ऑइल तिन्ही निवतात. घरी पोहोचेपर्यंत इंदूरच्या ट्रॅफिकमधून आलात तर वेगळं थांबायची गरजच नाही. गाडीत ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर घाट सुरू होण्याआधी ते बटण बंद करा. गरम असताना ते सहसा स्वतःहून इंजिन बंद करत नाही, पण त्यावर विसंबायचं कशाला?

ऑइलच्या आकड्याचं काम वेगळं, तो ऑइलची तब्येत सांगतो. चांगल्या सिंथेटिकला सपाट रस्त्यावर ९० ते ११०, घाटात १२० पर्यंत, यात काळजीचं काही नाही. १३० दिसलं की पाय हलका करा आणि गिअर एक खाली घ्या. चौथ्यात १८०० आरपीएमवर गुरगुरत ओढण्यापेक्षा तिसऱ्यात ३००० वर जाणं बरं, कारण पाण्याचा पंप जोरात फिरतो आणि प्रत्येक स्ट्रोकवरचा भार उतरतो. १४० ओलांडून आकडा चढतच असेल तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि आयडलवर ठेवा.

एक अपवाद पक्का लक्षात ठेवा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, किंवा कूलंट सांडून वाफ निघू लागली, तर टर्बोचा विचार न करता इंजिन तत्काळ बंद करा. अशा वेळी थंड करायच्या नावाखाली आयडलवर ठेवलेलं इंजिन जाम होऊ शकतं. आणि गरम असताना कूलंटचं झाकण उघडू नका.

तुमच्या जागी मी ११८ हा आकडा, त्या दिवशीचं ऊन आणि गाडीतली माणसं लिहून ठेवली असती. पुढच्या वेळी तसाच भार, तसंच ऊन असताना त्याच माथ्यावर १२८ दिसलं, तर आधी सपाट जागी, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक बघा. ऑइल कमी असलं की उरलेलं जास्त तापतं. पातळी बरोबर असेल तर रेडिएटरच्या पुढच्या जाळीत धूळ-किडे अडकलेत का, पंखा लागतोय का, हे बघून घ्या. वर्कशॉपमध्ये ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधला आहे ना, तेही डब्यावर वाचून घ्या.