नव्या वॉर्डनला: आकडा कुठून आला ते लिही

अगं, आगीच्या अलार्मनंतरच्या अहवालात नुसतं 'सर्व मुली सुखरूप' लिहू नकोस, आकडा कशावरून काढला ते लिही. लातूरच्या आमच्या वसतिगृहात रात्री 1:40 ला अलार्म वाजला. पटावर 64, रजेवर गावी गेलेल्या 5, म्हणजे मैदानात 59 हव्या होत्या. भरल्या 58. खोलीवार नावं पुकारली तेव्हा कळलं, 12 नंबरमधली एक कानात कापसाचे बोळे घालून झोपलेली. मी आत धावले नाही, 101 वरून आलेल्या जवानांना मजला आणि खोली सांगितली. त्यांनीच तिला बाहेर आणलं.

म्हणून रात्रीची हजेरी आणि रजेचं रजिस्टर दाराशीच ठेव. अलार्मची, बाहेर काढायला सांगितल्याची आणि मोजणी जुळल्याची वेळ वेगवेगळी नोंदव. परत आत सोडायला कुणी सांगितलं, तेही लिही.