ढाब्यावरची ऑर्डर

"मॅडम, बाबांना अर्धांगवायू झाल्यापासून दोन वर्षं कुपवाडचं आमचं मशीन शॉप मीच बघते. ड्रॉइंग कळतं, मशीन कळतं, पोरं ऐकतात. अडतं ते ओळखींवर. इथं ऑर्डरी ठरतात रात्री ढाब्यावर. गेले तर चार जण नावं ठेवणार, नाही गेले तर काम दुसऱ्याकडे जाणार. त्यात आमच्या सगळ्यात मोठ्या पार्टीचा परचेसवाला रात्री अकराला 'जेवलात का' असे मेसेज टाकतो. त्याला तोडलं तर शॉप बंद पडेल. मी ओळखी वाढवू तरी कशा?"

चार वर्षांपूर्वी मिरजेकडून एक मुलगी जवळजवळ हेच घेऊन माझ्याकडे आली होती. दोन सीएनसी लेथ, एक व्हीएमसी, सहा कामगार. तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तिला मी आधी ढाब्याचं काही विचारलंच नाही. मागच्या बारा नवीन कामांची यादी करायला लावली. प्रत्येकापुढे एकच गोष्ट लिहायची: हे काम आपल्याकडे येण्याआधी तुझं किंवा शॉपचं नाव सगळ्यात आधी कुणाच्या तोंडून निघालं? तिला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. लागले तीन दिवस. बारापैकी नऊ कामं वडिलांच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांकडून आली होती. दोन कामं इन्सर्ट, म्हणजे मशीनवर धातू कापायच्या पात्या, विकणाऱ्या एका सेल्समनमुळे आली होती, ज्याला ती 'दर पंधरवड्याला येऊन डोकं खाणारा' म्हणायची. उरलेलं एक फौंड्रीवाल्या अण्णांकडून.

मग हातून गेलेली चार कामं लिहिली. एक दरावर गेलं होतं. दोन गेली कारण समोरच्याला मालाबरोबर मोजमापाचा रिपोर्ट हवा होता आणि हिच्याकडे तो द्यायची पद्धतच नव्हती. ढाब्याच्या खात्यावर टाकता येईल असं फक्त एक निघालं.

म्हणजे ढाबा खोटा आहे असं मी म्हणत नाही. तिथे काय घडतं ते नीट बघितलं पाहिजे, एवढंच. नवऱ्याच्या धंद्यामुळे असल्या बैठकांच्या गोष्टी मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. तिथे कुणी कुणाला पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, काढून देत नाही. तिथे बातमी फिरते. कुणाचा माल रिजेक्ट होऊन परत येतोय, कुणाचं मशीन महिनाभर बंद आहे, कोणत्या पार्टीचं पेमेंट अडकलंय. ही बातमी ज्याला आठ दिवस आधी कळते तो कोटेशन घेऊन आधी पोचतो. तीच बातमी दिवसाउजेडी चार-पाच माणसांकडे असते: इन्सर्टवाला, गेज कॅलिब्रेट करून देणारा, हीट ट्रीटमेंटचा सुपरवायझर, माल नेणारा टेम्पोवाला. ही माणसं रोज दहा शॉप फिरतात.

१९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने लोकांना नोकरी कुणाच्या ओळखीतून मिळाली याचा अभ्यास छापला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी त्या ओळखीच्या माणसाला वरचेवर भेटणारे सतरा टक्केही नव्हते. बाकीच्यांना नोकरी लावली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याने. कारण सरळ आहे, जवळच्यांना जे ठाऊक ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. (त्याने विचारले होते फक्त पुरुष. हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले.)

तिने मग 'डोकं खाणाऱ्या' सेल्समनला चहा सांगायला सुरुवात केली. शॉपमध्येच, दुपारी चारला, कामगारांसमोर. शिळोप्याच्या गप्पा तिला जमत नाहीत, म्हणून ती ठरलेला एक प्रश्न विचारायची: "या महिन्यात कुणाकडे कसला जॉब अडकलाय?" आणि बदल्यात आपल्याकडची एक कामाची गोष्ट सांगायची, कोणता इन्सर्ट बीडावर किती नग टिकला वगैरे. त्याला ती माहिती पुढच्या शॉपमध्ये विकायला उपयोगी पडायची. दोन महिन्यांत तिला तीन ठिकाणच्या अडचणी कळल्या.

आता अण्णा. अण्णा वडिलांचे स्नेही, वय सत्तरीच्या आसपास. दोन वर्षं ते तिला सल्ले देत होते, "बाळ, दर असा लाव, कामगार असा धर." ती सगळीकडे सांगायची, अण्णांचा मला मोठा आधार आहे. मी विचारलं, अण्णांनी आपल्या कुठल्या गिऱ्हाइकाला तुझं नाव सांगितलंय का? ती गप्प झाली. ते एक काम दिलं होतं ते त्यांच्या स्वतःच्या फौंड्रीचंच होतं.

बायकांच्या बाबतीत हे मला सारखं दिसतं. सल्ला देणारे भरपूर भेटतात, शब्द टाकणारा भेटत नाही. आणि यात अण्णांची नियत वाईट नसते. सल्ल्याला खर्च काही नाही. शब्द टाकला की स्वतःचं नाव गहाण पडतं; उद्या माल बिघडला तर गिऱ्हाईक आधी अण्णांना फोन करणार. मुलाच्या बाबतीत ते हा धोका सहज पत्करतात, कारण त्याला चार ठिकाणी काम करताना पाहिलेलं असतं. मुलीला पाहिलेलं असतं ते वडिलांच्या केबिनमध्ये चहा आणताना. तेव्हा 'मला मदत करा' म्हणून उपयोग नसतो. त्यांचा धोका मोजता येईल एवढा लहान करून द्यावा लागतो.

ती अण्णांकडे गेली ती ठरवून. म्हणाली, "तुमच्या बेअरिंग हाउसिंगचं मशिनिंग बाहेर होतंय आणि तक्रारी येताहेत असं ऐकलं. मला पन्नास नग द्या. प्रत्येक नगाचा बोअर मोजून रिपोर्ट देते. पटलं तर तुमच्या पार्टीच्या क्वालिटीवाल्यांना एक फोन करा, नाही पटलं तर विषय संपला."

बोअर म्हणजे आतलं भोक, ६२ मिलिमीटरचं, ६२०६ बेअरिंग बसतं ते. ड्रॉइंगवर एच७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. तीस मायक्रॉनच्या आत सगळा खेळ. तिने एकेक नग बोअर गेजने दोन दिशांनी मोजला आणि नगावर खडूने नंबर टाकला. पन्नासपैकी तीन नापास. दोन नगांत कास्टिंगचे ब्लोहोल, म्हणजे ओततानाच राहिलेल्या हवेच्या पोकळ्या, कापल्यावर उघडे पडले होते, ते अण्णांचे. एक नग बारा मायक्रॉनने मोठा झाला होता, तो हिचा. इन्सर्ट बदलल्यावर पहिला नग न मोजता पुढे सोडला होता. तिने रिपोर्टात तिन्ही लिहिले, तिसऱ्यापुढे 'आमची चूक, इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट तपासला नाही' असं.

तो नग गुपचूप भंगारात टाकून पन्नासाऐवजी एकोणपन्नास देता आले असते. त्या रात्री तिने मला फोन करून विचारलंही होतं. मी म्हटलं, अण्णा हिशेबाचे माणूस आहेत, नग मोजून घेतील.

अण्णांनी फोन केला. काय सांगायचं ते तिने दोन ओळींत लिहून दिलं होतं, कारण सज्जन माणसं अशा वेळी "आपल्या मित्राची पोरगी आहे, सांभाळून घ्या" असं बोलून बसतात आणि सगळं मुसळ केरात जातं. अण्णांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि स्वतःचंच वाक्य टाकलं: "आपली चूक आपल्या हातानं लिहून देणारा व्हेंडर तुमच्याकडे दुसरा आहे का?" मला ते तिच्या दोन ओळींपेक्षा चांगलं वाटलं.

लोक बोलले का? बोलले. म्हणून अण्णांची भेट नेहमी फौंड्रीच्या ऑफिसात, त्यांचा मुलगा समोर असताना. काही ठरलं की त्याच दिवशी दोघांना मिळून मेसेज. याने तोंडं बंद होत नाहीत, पण अण्णांना घरी उत्तर द्यावं लागत नाही. शब्द टाकणारा माणूस टिकायचा तर त्याची ही सोय बघावी लागते.

त्या नव्या पार्टीत क्वालिटीला एक बाई इंजिनिअर होत्या. व्हेंडर मीटिंगमध्ये हिने फिक्श्चर बदलायचं सुचवलं, कुणी लक्ष दिलं नाही. दहा मिनिटांनी तेच एका बाप्याने सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या बाई शांतपणे म्हणाल्या, "हे मघाशी मॅडमनी मांडलं होतं, त्यांच्याकडूनच पुढचं ऐकू." पुढे दोघींनी हे ठरवूनच घेतलं. अशी साथ देणारा माणूस ऑर्डर देऊ शकत नाही, पण मीटिंगमध्ये तुमचं वाक्य तुमच्या नावावर ठेवतो. त्याच्याकडून ऑर्डरीची अपेक्षा धरली की दोघांचीही पंचाईत होते.

दुसऱ्या एका कार्यक्रमात संयोजक म्हणाले, "ताई, पाहुण्यांना गुच्छ द्यायला तुम्हीच या." ती म्हणाली, "देते की. मग आभारही मलाच मानू द्या." आभारात तिने शॉपचं नाव आणि काय काम करतो ते दोन वाक्यांत घातलं. मी असते तर चिडून नाही म्हटलं असतं आणि घरी आले असते.

आता तुमच्या रात्रीच्या मेसेजवाल्याचं. तिचाही एक होता आणि त्याच्या पार्टीचं काम निम्म्याहून जास्त होतं. 'जेवलात का' ला तिने उत्तर देणंच बंद केलं. कामाचा मेसेज असेल तर सकाळी साडेनऊला उत्तर, तेही मेलवर, शॉपच्या सुपरवायझरला सोबत घेऊन. भेटायला गेली की सुपरवायझर बरोबर. चिडचीड नाही, खुलासा नाही. तो थोडा गार पडला आणि दोन महिने ऑर्डरीही कमी झाल्या. हे होतं, ते लपवून तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही. त्या पार्टीचा वाटा निम्म्यावरून तिसऱ्या हिश्शावर यायला तिला सात महिने लागले आणि त्यानंतरच तिचा आवाज बदलला.

पण मेसेज अंगचटीचे झाले, किंवा ऑर्डरीच्या बदल्यात काही सुचवलं, तर सात महिने थांबायचं नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार करणारी बाई त्या कंपनीची नोकरदार असायलाच हवी असं नाही. कामाच्या संबंधात त्याने त्रास दिला तर त्याच्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे तुम्ही लेखी तक्रार करू शकता. तिथे दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने; सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. म्हणून 'जेवलात का' सुद्धा पुसू नका, तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आणि येताना बारा कामांची यादी घेऊन या. नाव आधी कुणी काढलं हा रकाना भरताना तुम्हीही अडाल, कारण जुन्या ओळखी बाबांच्या. त्यांना बोलता येत नसलं तरी शेजारी बसून एकेक नाव वाचून दाखवा. मिरजेच्या त्या मुलीने अशीच जुन्या ओळखींची नावं वाचली, तेव्हा तिच्या वडिलांनी अकरा नावांना नुसतं बघितलं आणि बाराव्याला, एका टेम्पोवाल्याच्या नावाला, चांगला हात उचलून मान हलवली होती.