पावसाळ्यात खंडित होणार नाही अशी आरोग्य पॉलिसी

प्रश्न : मी नाशिकला रंगकामाची कामे घेतो. वय ३८, घरी पत्नी आणि दोन मुले. दसरा-दिवाळीच्या आधी हातात बरे पैसे येतात, पावसाळ्यात काम जवळजवळ बंद असते. मला रक्तदाबाचा त्रास आहे. एजंट मासिक हप्त्याची १० लाखांची पॉलिसी सुचवतो. ती घ्यावी की साधी ५ लाखांची?

उत्तर : मी ५ लाखांची ‘आरोग्य संजीवनी’ कुटुंब पॉलिसी सुचवेन, आणि तिचा हप्ता वार्षिक ठेवावा. या पॉलिसीच्या मूळ अटी विमा नियामकाने सर्व कंपन्यांसाठी एकसारख्या ठरवलेल्या असल्याने तीन-चार कंपन्यांचे हप्ते थेट ताडून पाहता येतात.

मासिक हप्ता चुकल्यास तो भरण्यासाठी साधारण १५ दिवसांची सवलत मिळते, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची. जुलै-ऑगस्टमध्ये हप्ता राहिला आणि पॉलिसी बंद पडली, तर नवी घेताना आपल्या रक्तदाबासाठीचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च कंपनी देत नाही असा सुरुवातीचा काळ, जो तीन वर्षांपर्यंत असू शकतो, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजला जाईल. नूतनीकरणाची तारीख पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेवरून ठरते, म्हणून ती दिवाळीपूर्वीच्या कमाईतूनच सुरू करावी. अर्जात रक्तदाब स्पष्ट लिहावा. एजंट ‘राहू द्या’ म्हणाला तरी लपवू नये, कारण त्याच मुद्द्यावर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये आहे आणि मंजूर रकमेपैकी ५ टक्के आपल्याला भरावे लागतात. समजा, चार दिवस ८,००० रुपयांची खोली घेतली आणि बिल १,२०,००० झाले : खोली ३२,०००, डॉक्टर व शस्त्रक्रिया ४८,०००, औषधे व तपासण्या ४०,०००. कंपनी खोलीचे २०,००० तर धरतेच, पण डॉक्टर-शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात कापून ३०,००० धरते; औषधे व तपासण्या मात्र पूर्ण धरल्या जातात. मंजूर ९०,००० मधून ५ टक्के वजा जाऊन ८५,५०० मिळतात आणि ३४,५०० खिशातून जातात. तीच शस्त्रक्रिया ५,००० च्या खोलीत झाली आणि बाकी दर तेच राहिले, तर फक्त ५,४०० भरावे लागतील. दाखल होताना खोलीचा दर विचारणे एवढे महत्त्वाचे आहे.

पॉलिसी सुरू होईपर्यंत, आणि नंतरही, रेशनकार्डावर मिळणारी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आपला पहिला आधार आहे. तीत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, पण ते ठरावीक आजारांवर आणि योजनेतील रुग्णालयांतच. जवळची अशी दोन रुग्णालये आताच शोधून तेथे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून घ्यावे. १० लाखांचा विचार सलग दोन-तीन नूतनीकरणे वेळेवर झाल्यावर करावा.