वर्गाच्या ग्रुपसाठी पालकांना नियम कसे लिहू?

"इंदूरला शाळेत यंदा पहिल्यांदाच चौथीची क्लास टीचर झालेय. व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरापर्यंत मेसेज, गुड मॉर्निंग, होमवर्कचे फोटो, आणि मागच्या आठवड्यात तर दोन आयांचं भांडणच झालं. नियमांची नोट पाठवायचीय पण कुणाला राग यायला नको, कशी लिहू?"

राग कुणाला तरी येणारच, त्याचं टेन्शन घेऊ नको. नियम सगळ्यांना सारखा लागतोय ना, एवढं बघ, आणि सगळ्यांत तू पण आलीस. रात्री साडेदहाला "उद्या चार्ट पेपर आणा" टाकणाऱ्या मॅमनी पालकांना वेळ पाळा म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार?

मी आमच्याकडे हिंदीत पाठवते (वर्गात मराठी घरं थोडीच), मराठीत साधारण असं होईल:

"नमस्कार. हा ग्रुप वर्गाच्या सूचनांसाठी आहे. शाळेच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत मी सगळ्या सूचना एकाच मेसेजमध्ये टाकेन. त्याच सूचना मुलांच्या डायरीतही असतील, त्यामुळे ग्रुप बघायचा राहिला म्हणून कुणाचं मूल अडणार नाही. सूचनेखाली ओके, थँक्यू लिहू नका, अंगठा पुरे. प्रश्न सहा ते आठ विचारा. आठनंतर मीही लिहिणार नाही, अचानक सुट्टी किंवा बसची अडचण असेल तरच लिहेन. होमवर्कचा फोटो फक्त गैरहजर मुलासाठी मागा. सुट्टीचा आदेश फॉरवर्ड करू नका, तो मी शाळेला विचारून टाकेन. कुठल्याही मुलाची तक्रार, मार्क, तब्येत, फी हे इथे नको, डायरीत लिहा किंवा मला भेटा. नियमाबाहेरचा मेसेज मी काढेन, कुणाचाही असो, आणि त्यांना वेगळं कळवेन."

यातली डायरीची ओळ कापू नकोस, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. कितीतरी घरांत ग्रुपवर नंबर बाबांचा असतो आणि बाबा पीथमपूरला शिफ्टला, रात्री नऊला फोन हातात घेतात, तोवर स्टेशनरीची दुकानं बंद. मग शिक्षा कुणाला, तर पोराला. जे न आणल्यामुळे मुलाला बोलणी बसणार किंवा मार्क जाणार ते डायरीत असायलाच हवं, आणि सामान आणायचं असेल तर निदान दोन दिवस आधी.

सुट्टीच्या आदेशाचं मुद्दाम घातलंय. थंडी वाढली किंवा जोराचा पाऊस झाला की कलेक्टरांच्या आदेशाचा फोटो फिरायला लागतो, तो कधी मागच्या वर्षीचा असतो, कधी दुसऱ्याच जिल्ह्याचा, वरची तारीख बरोबर कापलेली, आणि सकाळी अर्धा वर्ग घरी.

आता भांडण. समजा एका आईनी लिहिलं, अमक्याच्या मुलानी माझ्या मुलाला कंपास टोचला, दुसरीनी उत्तर दिलं, मग बाकीचे उतरले. कोण खरं ते ग्रुपवर ठरवायला जाऊच नको. ॲडमिनला कुणाचाही मेसेज डिलीट करता येतो, तर दोन्हीकडचे काढ, एकीचाच काढलास तर तू बाजू घेतलीस असं होतं. मग एकच ओळ टाक, "या विषयावर मी दोन्ही घरांशी बोलतेय". ही ओळ हवीच, कारण ॲडमिननी मेसेज काढल्याचं तिथे दिसतं आणि लोक कयास लावत बसतात. स्क्रीनशॉट तर निघालेलेच असतात म्हणा. त्याच संध्याकाळी दोघींना वेगवेगळा फोन, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना विचार, बहुतेक वेळा ती दोघं एकाच डब्यातून खात असतात. 😄

फारच पेटलं तर ग्रुप परमिशन्समधे जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवतील असं कर, पण ग्रुप उद्या सहाला उघडेल हे सांगून. कायमचा बंद ठेवू नको. आमच्याकडे एका वर्गात ठेवला होता तर पालकांनी आपला वेगळा ग्रुप काढला, तिथे परीक्षेचा चुकीचा सिलॅबस फिरला आणि टीचरला पत्ताच नाही. चार पालक पर्सनलवर तोच चुकीचा प्रश्न तशाच शब्दांत विचारायला लागले की समज, दुसरा ग्रुप सुरू झालाय.

कुणाला ग्रुपमधून काढू मात्र नको. चूक आईची आणि सूचना मुलाच्या जातात, हे काही फेअर नाही. मेसेज काढ, पर्सनलवर सांग, तरीही चालूच राहिलं तर हेडमॅमसमोर भेट. पीटीए मेंबर बाईंचा मेसेज असला तरी हेच, बाकीचे पालक तेवढंच बघत असतात. गुड मॉर्निंगवाले बहुतेक कुणाचे तरी आजोबा निघतात, त्यांना पर्सनलवर गोडीत सांग, ऐकतात.

पाठवायच्या आधी हेडमॅमना दाखव, शक्यतो पीटीएममधे वाचून दाखव आणि मग ग्रुपवर टाकून पिन कर. पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहतो, दर महिन्याला परत करावा लागेल.