रोजच्या तेलासाठी स्मोक पॉइंट, फॅट आणि किंमत यांतलं आधी काय बघायचं?

प्रश्न: रिफाइंड सूर्यफूल आणि रिफाइंड शेंगदाणा यांत अडकलोय. स्मोक पॉइंट, फॅट, किंमत… कशावरून ठरवू?

उत्तर: या दोन तेलांपुरता स्मोक पॉइंटचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे. दोन्ही साधारण 230 अंश सेल्सिअसच्या आसपास धूर सोडतात. तळण 170 ते 190 अंशांना होतं, परतायला त्याहूनही कमी उष्णता पुरते. तेव्हा दोन्ही पास, आणि पाच-दहा अंशांच्या फरकाला फारसा अर्थ नाही. हीच तेलं रिफाइंड नसती तर गोष्ट वेगळी होती. तेलात मोकळी आम्लं जितकी जास्त, तितका धूर लवकर येतो आणि रिफाइंड करताना तीच काढून टाकतात.

खरा फरक फॅटमध्ये आहे. नेहमीच्या सूर्यफूल तेलात 60 टक्क्यांच्या आसपास पॉलीअनसॅच्युरेटेड फॅट असतं, शेंगदाणा तेलात त्याच्या जवळपास निम्मं. हे फॅट गरम असताना हवेशी फार लवकर संयोग पावतं. म्हणून धूर जरासाही दिसत नसताना तेल आतून बिघडत असतं, आणि स्मोक पॉइंटचा आकडा त्याबद्दल काहीच सांगत नाही. (जाहिरातीत मात्र तोच आकडा मोठा करून छापतात.) दुसरी बाजूही आहे: सॅच्युरेटेड फॅट सूर्यफुलात 11 टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्यात 17 ते 20. कोलेस्टेरॉल बघून तेल निवडायचं असेल तर हा आकडा सूर्यफुलाच्या बाजूने जातो.

मी असं ठरवेन: बहुतेक स्वयंपाक परतण्याचा आणि तेल एकदाच वापरायचं, तर सूर्यफूल. वारंवार तळण होत असेल, तर शेंगदाणा. ‘हाय ओलिक’ सूर्यफूल मिळालं तर दोन्हीपेक्षा तेच बरं. लेबलवर 100 ग्रॅममागे मोनोअनसॅच्युरेटेड 75-80 ग्रॅम दिसलं की ओळखायचं. त्यात सॅच्युरेटेडही कमी असतं आणि तळणात ते टिकतंही.

किंमत बघताना एक चकवा असतो. एक पिशवी लिटरची, दुसरी किलोची असते. लिटरभर तेल भरतं जेमतेम 910 ते 920 ग्रॅम. 100 ला मिळणारी लिटरची पिशवी किलोने मोजली तर 109-110 ला पडते. म्हणजे किलोची पिशवी 105 ला असेल, तर महाग दिसणारं तेलच स्वस्त आहे. तळणासाठी घेत असाल तर ते किती वेळा वापरता येतं हेही धरा: दीडपट महाग तेल दुप्पट टिकलं, तर परवडतं.

कोणतंही घेतलंत तरी तळणात फेस येऊन तो बसत नसेल, कढईच्या कडेला चिकट पिवळा थर धरत असेल किंवा पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर येत असेल, तर ते तेल संपलं समजा. त्यात नवं तेल ओतून वाढवू नका, नवंही लवकर बिघडतं.